साहेबांच्या हातात द्यायचं एक पान: बढती मागण्याची तयारी, वेळ आणि नकारानंतरचा रस्ता

बढतीचा निर्णय ज्या बैठकीत होतो, त्या बैठकीत तुम्ही नसता. तिथे तुमचे साहेब असतात, प्लँट हेड असतात, एचआर असतं आणि पडद्यावर पंधरा-वीस नावांची यादी असते. प्रत्येक नावाला फार तर दोन-चार मिनिटं मिळतात. तुमचं नाव आलं की कोणीतरी विचारतं, "याचं काय?" त्या प्रश्नाला तुमचे साहेब जे तीन-चार वाक्यांत सांगू शकतात तेवढाच तुमचा दावा असतो. वर्षभर केलेली बाकीची धावपळ त्या खोलीत पोचत नाही. म्हणून तयारीचा खरा उद्देश ती तीन-चार वाक्यं साहेबांना आयती, तपासलेली आणि आकड्यांसकट देणं हा आहे.

हे सगळं एका उदाहरणावर पाहू. चाकणच्या पट्ट्यात वाहनांचे सुटे भाग करणारा मध्यम आकाराचा कारखाना धरा. अॅल्युमिनियमचं कास्टिंग बाहेरून येतं, आत मशीनिंग होतं आणि तयार भाग गाडी बनवणाऱ्या कंपनीला जातो. तिथल्या क्वालिटी विभागातल्या सिनियर इंजिनिअरला असिस्टंट मॅनेजर व्हायचंय. पुढचे आकडे उदाहरणासाठी घेतलेले आहेत, पण हिशेबाची पद्धत तुमच्या आकड्यांना तशीच लागू पडेल. सरकारी नोकरीत किंवा बँकेत ज्येष्ठता, परीक्षा आणि विभागीय समिती यांचे नियम वेगळे असतात. हा लेख खासगी कंपनीपुरता आहे.

आधी वरच्या खुर्चीचं काम समजून घ्या

सगळ्यात जास्त दावे इथेच फसतात. माणूस सांगतो, "मी माझं काम उत्तम करतो, रेटिंगही चांगलं आहे." साहेब मान डोलावतात आणि चांगली इन्क्रिमेंट देतात. आपल्या ग्रेडमधलं काम उत्तम करण्याचा मोबदला इन्क्रिमेंट किंवा बोनस असतो. बढती मिळते ती वरच्या ग्रेडचं काम हा माणूस करू शकेल, किंबहुना करतोच आहे, असा भरवसा वाटल्यावर.

तेव्हा पहिलं काम म्हणजे असिस्टंट मॅनेजर नेमकं काय करतो ते लिहून काढणं. एचआरकडे त्या पदाचं जॉब डिस्क्रिप्शन असतं, ते मागा. मागायला संकोच वाटत असेल तर कंपनीच्या अंतर्गत जागांची जाहिरात किंवा आयएटीएफ या वाहन उद्योगातल्या क्वालिटी मानकाच्या ऑडिटसाठी केलेला जबाबदारीचा तक्ता पाहा, त्यात पदवार कामं लिहिलेली असतात. आपल्या उदाहरणात फरक साधारण असा निघतो. सिनियर इंजिनिअर एका लाइनची क्वालिटी पाहतो, रिजेक्शनची कारणं शोधतो, तपासणीची कागदपत्रं ठेवतो. असिस्टंट मॅनेजर दोन-तीन लाइन पाहतो, चार-पाच इंजिनिअर आणि इन्स्पेक्टरांच्या शिफ्ट लावतो, ग्राहकाच्या तक्रारीवर स्वतः उत्तर देतो, ग्राहकाच्या ऑडिटला समोर बसतो आणि कास्टिंग पुरवणाऱ्याकडे जाऊन त्याची प्रक्रिया तपासतो.

आता यातली कोणती कामं तुम्ही गेल्या सहा महिन्यांत केली आहेत यावर प्रामाणिकपणे खूण करा. पाचपैकी तीनवर खूण असेल तर दावा उभा राहतो. एकावरच असेल तर या वर्षी मागू नका. साहेबांकडे जाऊन उरलेल्यांपैकी एक-दोन कामं अंगावर मागून घ्या. "पुढच्या ग्राहक-तक्रारीचं उत्तर मी तयार करतो, तुम्ही तपासा," ही मागणी कोणी नाकारत नाही, कारण त्यात साहेबांचंच काम हलकं होतं.

एचआरला आणखी एक गोष्ट विचारून घ्या. बढती मिळायला तशी जागा रिकामी असावी लागते, की ग्रेड वाढण्यासाठी जागेची गरज नाही? काही कंपन्यांत ग्रेडमध्ये किमान दोन किंवा तीन वर्षं पूर्ण झाल्याशिवाय नाव यादीतच जात नाही. ही अट माहीत नसताना मागितलं तर पहिल्याच मिनिटात विषय संपतो.

आकडा असा काढा की अकाउंट्सवाल्याने मोडता घालू नये

आपल्या इंजिनिअरने काय केलं ते आधी नीट सांगू. एका हाउसिंगचा बोअर, म्हणजे आतलं गोल छिद्र, मशीनवर मापात यायचा, पण क्लँप सोडला की किंचित अंडाकृती व्हायचा. क्लँपचा दाब पातळ भिंतीवर, खाली आधार नसलेल्या जागी पडत होता. दाबाखाली भाग वाकायचा, त्या वाकलेल्या अवस्थेत बोअर गोल कापला जायचा आणि दाब सुटला की भाग मूळ आकारात परतताना बोअर बिघडायचा. त्याने टूलरूमला सोबत घेऊन फिक्श्चर, म्हणजे मशीनवर भाग धरून ठेवणारी चौकट, बदललं, क्लँप आधाराच्या पॅडच्या बरोबर वर आणले आणि हायड्रॉलिक दाब कमी केला. मार्चअखेर नवं फिक्श्चर लाइनवर चढलं.

एप्रिल ते ऑक्टोबर या सात महिन्यांत कारखान्यातलं रिजेक्शन सरासरी १.१ टक्के राहिलं. आधी ते २.४ टक्के होतं. पण "आधी" म्हणजे कधी? इथे मोह होतो तो सगळ्यात वाईट महिना तुलनेला घेण्याचा. प्लँट हेडना तो महिना आठवत असतो, त्या महिन्यात कास्टिंगची एक अख्खी लॉट खराब आली होती हेही आठवत असतं. एकदा असा आकडा पकडला गेला की बाकीचे खरे आकडेही संशयात जातात. म्हणून तुलना गेल्या वर्षीच्या एप्रिल ते ऑक्टोबरशीच करा. महिने तेच, ऋतू तोच आणि मोजणीची पद्धतही तीच असावी.

आता पैसे. महिन्याला १,२०,००० भाग बनतात. रिजेक्शन १.३ टक्क्यांनी घटलं म्हणजे दर महिन्याला १,५६० भाग वाचले. एका बाद भागामागे किती नुकसान? विक्रीची किंमत लावू नका, ही फार सामान्य चूक आहे. कास्टिंगची खरेदी किंमत, त्या टप्प्यापर्यंतचा मशीनिंगचा खर्च, आणि त्यातून भंगाराला मिळणारे पैसे वजा, हा खरा आकडा. तो स्वतः ठरवण्याऐवजी कॉस्टिंग पाहणाऱ्या सहकाऱ्याकडून घ्या. समजा त्याने १४० रुपये सांगितले. मग महिन्याची बचत २,१८,४०० रुपये आणि सात महिन्यांची १५,२८,८०० रुपये. फिक्श्चरवर ३,१०,००० रुपये खर्च झाला होता, तो वजा केला की निव्वळ १२,१८,८०० रुपये उरतात.

यात दोन ठिकाणी हात आखडता घ्या. "वर्षाला सव्वीस लाखांची बचत" असं लिहिता येतं, पण वर्ष झालेलं नाही, म्हणून सात महिन्यांचाच आकडा लिहा. वर्षाचा आकडा कोणी विचारला तर तोंडी सांगा. दुसरं, टूलरूमचा वाटा त्याच वाक्यात लिहा. "कारण शोधणं, बदल सुचवणं आणि चाचणी माझी, फिक्श्चरचं डिझाइन टूलरूमचं." श्रेय वाटल्याने दावा हलका होत नाही. टूलरूमचे मॅनेजरही बहुतेक त्याच बैठकीत बसलेले असतात, आणि त्यांनी "हो, ते त्यानेच शोधलं होतं" असं म्हणणं तुमच्या कुठल्याही आकड्यापेक्षा जड पडतं.

ग्राहकाकडच्या रिजेक्शनचा आकडा छोटा दिसतो, पण वजन त्यालाच जास्त. पूर्वी महिन्याला सरासरी ५४ भाग परत यायचे, म्हणजे १,२०,००० मागे ४५० पीपीएम, दहा लाख भागांमागे ४५०. आता ९ येतात, म्हणजे ७५ पीपीएम. हा आकडा ग्राहकाच्या पोर्टलवर किंवा महिन्याच्या सप्लायर स्कोअरकार्डवर असतो. त्या पानाचा स्क्रीनशॉट जपून ठेवा, कारण ग्राहकाने स्वतः मोजलेल्या आकड्याला कारखान्यात कोणी आव्हान देत नाही.

ज्यांच्या कामाचा असा सरळ रुपयांत हिशेब होत नाही, म्हणजे एचआर, दस्तऐवज, सपोर्टमधले लोक, त्यांनी ओढूनताणून रुपये लावू नयेत. लागणारे दिवस, परत करावं लागलेलं काम, ऑडिटमध्ये निघालेल्या त्रुटी, सोडून गेलेली माणसं, यांतला जो आकडा साहेबांना वरून विचारला जातो तोच घ्यावा.

ते पान

आता हे सगळं एका पानावर आणा. दुसरं पान झालं तर कोणी वाचणार नाही. आपल्या इंजिनिअरचा मसुदा साधारण असा होईल:

"असिस्टंट मॅनेजर (क्वालिटी) पदासाठी विचार व्हावा ही विनंती. हाउसिंग लाइनचं रिजेक्शन एप्रिल–ऑक्टोबरमध्ये २.४ वरून १.१ टक्के (गेल्या वर्षीच्या त्याच महिन्यांशी तुलना). फिक्श्चरचा खर्च वजा जाता सात महिन्यांत निव्वळ बचत १२.१९ लाख रुपये, प्रति भाग खर्च कॉस्टिंग विभागाकडून तपासलेला. ग्राहकाकडील रिजेक्शन ४५० वरून ७५ पीपीएम. जूनपासून या लाइनच्या ग्राहक-तक्रारींची उत्तरं मी देतो आहे; चारही तक्रारी मुदतीत बंद. कास्टिंग पुरवठादाराचं प्रक्रिया-ऑडिट ऑगस्टमध्ये मी केलं. ऑक्टोबरपासून लाइनची दैनंदिन जबाबदारी ज्युनिअर इंजिनिअर सांभाळतो. मी आठवड्यातून दोनदा आढावा घेतो."

शेवटची दोन वाक्यं सहज वाचून पुढे जाऊ नका. साहेबांच्या मनातली न बोललेली अडचण बहुतेक वेळा हीच असते की, याला वर घेतलं तर आत्ता जी लाइन शांत चालली आहे ती कोण बघणार? ज्याच्यावाचून अडतं त्याला हलवायला कोणी तयार नसतं. तुमच्या हाताखालचा माणूस तयार आहे हे दाखवणं म्हणजे साहेबांची अडचण तुम्हीच सोडवून देणं. त्यासाठी त्याला तीन महिने आधीपासून काम शिकवावं लागतं आणि तुम्ही रजेवर असताना लाइन चालली की नाही हे पाहावं लागतं. आठ दिवसांच्या रजेत तुम्हाला लाइनवरून एकही फोन आला नाही तर तो पुरावाच आहे.

पानावर मागच्या पाच वर्षांचा इतिहास, प्रशिक्षणांची यादी, "मेहनती", "निष्ठावान" असे शब्द घालू नका. पगाराचा आकडाही नको. आधी पद मान्य होऊ द्या. पगार त्या ग्रेडच्या पट्ट्यात बसतो आणि त्याची बोलणी वेगळी होतात.

वेळ: एप्रिलची बढती नोव्हेंबरात ठरते

बहुतेक कंपन्यांत अप्रेझलचे फॉर्म फेब्रुवारी-मार्चमध्ये भरले जातात, पत्रं मे ते जुलैमध्ये कधीतरी मिळतात आणि बढती १ एप्रिलपासून लागू धरली जाते. म्हणून लोक मार्चमध्ये बोलतात. तोवर पुढच्या वर्षाचं मनुष्यबळाचं बजेट मंजूर होऊन गेलेलं असतं. कोणत्या विभागात किती बढत्या हा आकडा डिसेंबर-जानेवारीत बजेटबरोबरच ठरतो. मार्चमध्ये साहेबांच्या मनात असलं तरी त्यांच्या हातात उरलेलं नसतं. जानेवारी-डिसेंबर वर्ष पाळणाऱ्या परदेशी कंपन्यांत हेच चक्र तीन महिने अलीकडे सरकतं, तेव्हा आपल्या कंपनीचं बजेट कधी ठरतं हे आधी विचारा.

उलट मोजत या. डिसेंबरात साहेबांना नाव पुढे करायचं असेल तर नोव्हेंबरच्या मध्यात पान त्यांच्या हातात हवं. आणि ते अचानक येऊ नये म्हणून सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सहामाही आढाव्यातच एक वाक्य टाकून ठेवा: "सर, पुढच्या एप्रिलसाठी असिस्टंट मॅनेजरचा विचार व्हावा असं मला वाटतं. त्यासाठी तुम्हाला माझ्यात काय कमी दिसतं?" या प्रश्नाचं उत्तर वहीत तारखेसह लिहा. नोव्हेंबरच्या पानात त्या कमतरतेवर काय केलं ते दिसलं पाहिजे. साहेबांनी स्वतः सांगितलेली अट पूर्ण झाली असेल तर तुमच्या वतीने बोलणं त्यांना सोपं जातं.

दिवसही बघून निवडा. महिन्याचे शेवटचे चार-पाच दिवस डिस्पॅचचे असतात, पहिला आठवडा रिपोर्टांचा. दहा ते वीस तारखेच्या मधला दिवस बरा. ग्राहकाच्या ऑडिटच्या आठवड्यात किंवा लाइनवर मोठी तक्रार आलेली असताना विषय काढू नका, मग त्यात तुमची चूक असो वा नसो. तक्रार बंद झाल्यावर दोन आठवडे जाऊ द्या.

बोलणं

अर्ध्या तासाची वेळ विषय सांगून मागा. "जरा बोलायचं होतं" असं म्हटलं की साहेबांना राजीनाम्याची शंका येते आणि ते बचावाच्या पवित्र्यात बसतात. बसल्यावर मागणी पहिल्या दोन मिनिटांत मांडा: "सर, येत्या एप्रिलपासून असिस्टंट मॅनेजरसाठी माझं नाव जावं अशी माझी विनंती आहे. कारणं या पानावर आहेत." पान द्या आणि त्यांचं वाचून होईपर्यंत थांबा. ही शांतता भरून काढण्याच्या नादात बरेच जण "तसं पुढच्या वर्षी झालं तरी चालेल" असं बोलून जातात, आणि मग खरंच पुढच्या वर्षावर जातं.

घरकर्ज, मुलांची फी, शेजारच्या विभागातल्या कोणाला काय मिळालं, हे विषय काढू नका. साहेबांना ते पटलं तरी त्यांना ते बैठकीत मांडता येत नाही. दुसरीकडची ऑफर असेल आणि ती घेण्याची खरोखर तयारी नसेल, तर तिचा उल्लेखही नको. "मग जा" असं ऐकून घ्यायची तयारी असेल तरच तो विषय काढावा.

शेवटी एकच प्रश्न विचारा: "हे पुढे नेताना तुम्हाला कोणत्या प्रश्नाला उत्तर द्यावं लागेल?" यातून बैठकीतला खरा आक्षेप आधीच कळतो आणि त्याची तयारी करून द्यायला तुमच्याकडे तीन-चार आठवडे राहतात.

नाही म्हटलं तर

नकार तीन तऱ्हेचे असतात आणि प्रत्येकाला वेगळं उत्तर आहे. पहिला, "जागा नाही, बजेट नाही." हा खरा असू शकतो. तेव्हा विचारा की जागा कधी निघेल, दुसऱ्या प्लँटला निघत असेल तर नाव देता येईल का, आणि ऑक्टोबरच्या सहामाही फेरीत विचार होतो का. दुसरा, "अजून तयार नाहीस." हा ऐकायला कडू, पण सगळ्यात उपयोगी, कारण यात दुरुस्त करण्यासारखं काही सांगितलेलं असतं. फक्त ते मोजता येईल असं करून घ्या. "लीडरशिप कमी आहे" यावर काम करता येत नाही. "दोन शिफ्टच्या सात माणसांची टीम सहा महिने चालवून दाखव" यावर करता येतं. तिसरा, "बघू, तुझं लक्षात आहे." हाही नकारच आहे, आणि तो ओळखायची खूण म्हणजे त्यात तारीख नसते.

तिन्ही बाबतींत त्याच दिवशी संध्याकाळी एक छोटा मेल पाठवा. इंग्रजीत लिहिलात तरी आशय असा: "आजच्या चर्चेबद्दल आभार. माझ्या समजुतीप्रमाणे पुढील विचारासाठी दोन गोष्टी अपेक्षित आहेत: दुसऱ्या लाइनची जबाबदारी सहा महिने, आणि ग्राहकाच्या वार्षिक ऑडिटमध्ये मोठी त्रुटी नसणं. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात आपण पुन्हा आढावा घेऊ. काही राहिलं असल्यास सांगावं." साहेब बदलले, आणि ते बदलतातच, तर नव्या साहेबांसमोर ठेवायला हा मेल एवढाच आधार असतो.

बढती नाही तर त्याऐवजी काय मागायचं हे आत जाण्याआधी ठरवून ठेवा, आणि एकच मागा. वरच्या ग्रेडच्या कामाची अधिकृत जबाबदारी आणि ती नोंदणारं पत्र ही माझ्या मते सगळ्यात चांगली पर्यायी मागणी आहे, कारण पुढच्या बढतीला आणि बाहेरच्या मुलाखतीला दोन्हीकडे ती चालते. पगारातली दुरुस्ती, म्हणजे ज्याला कंपन्यांत करेक्शन म्हणतात, ही दुसरी. ग्रेड न बदलता नुसतं नाव बदलून मिळत असेल तर घ्या, पण एचआरच्या सिस्टीममध्ये आणि पत्रावर ते नोंदलं जाईल हे पाहून. नुसतं व्हिजिटिंग कार्डवरचं पद उपयोगाचं नाही. आणि जास्तीचं काम नुसतं तोंडी शब्दावर मिळत असेल तर मनाशी सहा महिन्यांची मुदत ठरवा. त्यापुढे ते काम तुमचंच समजलं जातं आणि त्याची किंमत संपते.

मुदत उलटली, अटी पूर्ण झाल्या आणि तरीही तारीख मिळाली नाही, तर बाहेर पाहायला लागा. इथेही हिशेब आधी. नेमणूकपत्रातला नोटीस कालावधी पाहा. साठ किंवा नव्वद दिवस असेल तर नवी कंपनी थांबेल का, आणि नोटीसचे पैसे भरून सुटायचं ठरलं तर ते मूळ पगारावर की पूर्ण पगारावर मोजले जातात, हे वाचा. वार्षिक बोनस किंवा व्हेरिएबल मिळायच्या तारखेला नोकरीत असणं बंधनकारक आहे का तेही पाहा. कायम नोकरीत पाच वर्षं पूर्ण व्हायला थोडेच महिने राहिले असतील तर ग्रॅच्युइटी मोजा: मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून ३२,००० असेल तर ३२,००० × १५ ÷ २६ म्हणजे वर्षाला साधारण १८,४६० रुपये, पाच वर्षांचे सुमारे ९२,३०० रुपये. चार महिने थांबून एवढी रक्कम मिळणार असेल तर नव्या कंपनीशी रुजू होण्याची तारीख बोलता येते.

राजीनामा दिल्यावर तीच बढती अचानक देऊ केली जाते, असंही होतं. घ्यायची की नाही हा तुमचा निर्णय, पण घेणार असाल तर ग्रेड, पगार आणि लागू होण्याची तारीख असलेलं सहीचं पत्र हातात आल्यावरच राजीनामा मागे घ्या, आणि बाहेरच्या कंपनीला नाही कळवायचं ते त्यानंतर.

होकार आला तरी पत्र नीट वाचा. वरच्या ग्रेडमध्ये ओव्हरटाइम आणि शिफ्ट भत्ता बहुधा बंद होतो. कामगार श्रेणीत दुप्पट दराने ओव्हरटाइम मिळत असेल त्याचा गेल्या बारा महिन्यांचा एकूण आकडा पगाराच्या स्लिपांवरून काढा आणि वाढीतून वजा करा. मूळ पगार वाढला की पीएफची कपातही वाढते: मूळ पगारात ३,००० वाढले तर पूर्ण मूळ पगारावर पीएफ कापणाऱ्या कंपनीत ३६० रुपये तिकडे जातील. ते तुमचेच आहेत, पण हातात येणार नाहीत. कंपनीचा तेवढाच वाटा सीटीसीत धरलेला असतो, म्हणून सीटीसीतली वाढ आणि खात्यात जमा होणारी वाढ यांत फरक दिसतो. पत्रात वरच्या पदावर सहा महिन्यांचा प्रोबेशन लिहिला असेल तर तो पूर्ण न झाल्यास जुन्या ग्रेडवर परत ठेवतात की आणखी काही, हे सही करण्याआधी एचआरकडून मेलवर विचारून घ्या.